आलेखावरून काढलेले विस्थापन बरोबर आहे का?

वेग-काल आलेख दिला असेल, तर रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. हे वाक्य शाळेत एकदा शिकले की सहसा विसरत नाही. उत्तरे चुकतात ती क्षेत्रफळाची सूत्रे येत नाहीत म्हणून क्वचितच. कोणते क्षेत्रफळ घ्यायचे, ते कुठल्या रेषेपर्यंत मोजायचे आणि त्याला कोणते चिन्ह द्यायचे, इथे घोटाळा होतो. असा घोटाळा झाला असेल तर तीच आकडेमोड पुन्हा करून काही हाती लागत नाही. गुणाकार बरोबरच असतो, म्हणून दुसऱ्यांदाही तेच चुकीचे उत्तर येते आणि उलट आपली खात्री वाढते. पडताळणी करायची तर वेगळ्या वाटेने जाऊन त्याच उत्तराशी पोचता येते का, हे पाहावे लागते. एका उदाहरणावर अशा तीन-चार वाटा सावकाश चालून पाहू.

उदाहरण लिफ्टचे घेऊ. वर जाणारी दिशा धन आणि खाली येणारी ऋण मानू. लिफ्ट स्थिर उभी आहे. पहिल्या २ सेकंदांत तिचा वेग शून्यापासून एकसारखा वाढत १.५ मीटर प्रति सेकंद होतो. पुढची ८ सेकंदे ती याच वेगाने वर जाते. मग २ सेकंदांत वेग उतरून शून्य होतो, म्हणजे १२व्या सेकंदाला ती थांबते. दार उघडते, माणसे चढतात-उतरतात आणि त्यात ५ सेकंदे जातात. १७व्या सेकंदाला ती खाली निघते. २ सेकंदांत वेग उणे १.५ होतो, २ सेकंदे तो तसाच राहतो आणि पुढच्या २ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. २३व्या सेकंदाला लिफ्ट उभी आहे. प्रश्न असा की या २३ सेकंदांत तिचे विस्थापन किती?

आलेख काढला तर काळाच्या अक्षाच्या वर एक मोठा समलंब चौकोन दिसतो, मग अक्षावरच पडून असलेली सपाट रेघ, आणि त्यानंतर अक्षाच्या खाली एक लहान समलंब चौकोन. वरच्या चौकोनाच्या समांतर बाजू १२ आणि ८ सेकंदांच्या, उंची १.५. क्षेत्रफळ झाले १२ आणि ८ यांच्या बेरजेच्या निम्मे, गुणिले १.५, म्हणजे १५ मीटर. खालच्याच्या समांतर बाजू ६ आणि २ सेकंदांच्या, खोली १.५, म्हणून क्षेत्रफळ ६ मीटर. लिफ्ट १५ मीटर वर गेली आणि ६ मीटर खाली आली. विस्थापन ९ मीटर, वरच्या दिशेने. कापलेले एकूण अंतर मात्र २१ मीटर.

आता याच आलेखावरून विद्यार्थी आणखी कोणती उत्तरे काढू शकतात ते पाहू. एकजण सर्वांत मोठा वेग आणि पूर्ण वेळ यांचा गुणाकार करतो आणि ३४.५ मीटर लिहितो. दुसरा दोन्ही क्षेत्रफळे अचूक काढतो, पण अक्षाखालच्या भागाला ऋण चिन्ह द्यायला विसरतो आणि २१ मीटर लिहितो. तिसऱ्याला सरासरी वेगाचे सूत्र आठवते. सुरुवातीचा वेग शून्य, शेवटचा शून्य, सरासरी शून्य, म्हणून विस्थापनही शून्य. चौथा तिरक्या बाजूंकडे दुर्लक्ष करून दोन्ही चौकोन आयत समजतो. त्याला वर जाताना १८ मीटर आणि खाली येताना ९ मीटर मिळतात, आणि वजाबाकी करून तो लिहितो ९ मीटर.

हा चौथा विद्यार्थी सर्वांत जास्त लक्ष द्यावा असा आहे, कारण त्याचे शेवटचे उत्तर बरोबर आहे. त्याने वर जाताना जे ३ मीटर जादा धरले, तेवढेच ३ मीटर खाली येतानाही जादा धरले, आणि वजाबाकीत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या. दोन्ही फेऱ्यांत वेग वाढायला आणि उतरायला लागलेला वेळ सारखाच होता, म्हणून हे घडले. त्यामुळे विस्थापनाचा शेवटचा आकडा पुस्तकामागच्या उत्तराशी जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. आलेखाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासायला हवा. या विद्यार्थ्याला अंतर विचारले असते, तर तो २१ ऐवजी २७ मीटर म्हणाला असता आणि चूक लगेच उघडी पडली असती.

पडताळणीची पहिली वाट म्हणजे उत्तराला खालून आणि वरून कुंपण घालणे. वर जाणाऱ्या तुकड्यात लिफ्ट पूर्ण वेगाने किमान ८ सेकंदे चालली, हे आलेखात स्पष्ट दिसते. म्हणून ती १.५ गुणिले ८, म्हणजे १२ मीटरपेक्षा जास्तच वर गेली असणार. दुसरीकडे, तिचा वेग कधीच १.५ च्या पुढे गेला नाही आणि ती १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलली नाही. म्हणून ती १८ मीटरपेक्षा कमीच गेली असणार. खरे उत्तर १२ आणि १८ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि आपले १५ तिथे बसते. खाली येण्याच्या तुकड्याला हेच लावले तर मर्यादा ३ आणि ९ मीटर अशा येतात, आणि ६ त्यांच्या मध्ये आहे.

दोन्ही एकत्र केले की एकूण विस्थापनाचेही कुंपण मिळते. लिफ्ट सर्वांत कमी चढली आणि सर्वांत जास्त उतरली असे धरले, तर १२ वजा ९, म्हणजे ३ मीटर. उलट टोकाला १८ वजा ३, म्हणजे १५ मीटर. विस्थापन या दोन आकड्यांच्या आतच असले पाहिजे. ३४.५, २१ आणि शून्य ही तिन्ही चुकीची उत्तरे कुंपणाबाहेर पडतात. चौथ्याचे ९ आत बसते, पण त्याचे तुकडे पाहिले तर १८ आणि ९ हे आकडे नेमके वरच्या मर्यादेवर आहेत. मर्यादेला टेकलेले उत्तर म्हणजे लिफ्ट पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगाने धावत होती असे म्हणणे. आलेखातल्या तिरक्या बाजू त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

या कुंपणाचा फायदा असा की त्यासाठी समलंब चौकोनाचे सूत्र लागत नाही. दोन आयत पुरतात आणि ते तोंडी होतात. आलेखाची रेषा वाकडी असेल, तेव्हा तर हीच वाट सर्वांत कामाची ठरते. वक्र रेषेखालच्या भागाला सरळ सूत्र नसले, तरी वेळेचे लहान लहान पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात रेषेच्या आत बसणारा आयत आणि रेषेला झाकणारा आयत काढता येतो. आतल्या आयतांची बेरीज खालची मर्यादा देते, बाहेरच्यांची वरची. पट्टे अरुंद करत गेले की दोन्ही बेरजा एकमेकींच्या जवळ सरकतात. इतके अंतर शिल्लक आहे, हे आपल्याला स्वतःलाच दिसत राहते, म्हणून उत्तर किती विश्वासार्ह आहे हेही कळते.

दुसरी वाट सरासरी वेगाची. तिसरा विद्यार्थी तिथेच अडकला, म्हणून ती कधी चालते हे नीट समजून घेऊ. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी काढून तिला वेळेने गुणणे हे तेव्हाच बरोबर, जेव्हा त्या दोन क्षणांच्या मध्ये रेषा सरळ असते. रेषेला मध्ये एक जरी वळण आले, तरी त्या वळणावर तुकडा तोडावा लागतो. लिफ्टच्या आलेखात असे सात सरळ तुकडे आहेत. प्रत्येकाची सरासरी वेगळी घ्यायची: ०.७५, १.५, ०.७५, शून्य, उणे ०.७५, उणे १.५ आणि उणे ०.७५. त्यांना अनुक्रमे २, ८, २, ५, २, २ आणि २ सेकंदांनी गुणले की मीटरमध्ये १.५, १२, १.५, शून्य, उणे १.५, उणे ३ आणि उणे १.५ मिळतात. बेरीज ९. समलंब चौकोनाला हात न लावता आपण त्याच उत्तराशी आलो.

ही रीत किती जुनी आहे ते पाहिले की तिचे मर्म आणखी पक्के होते. एकसारख्या बदलणाऱ्या वेगावरून अंतर काढण्याचे श्रेय बराच काळ १४व्या शतकातल्या युरोपातील विद्वानांना, विशेषतः ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या मंडळींना दिले जात असे. २०१६ मध्ये मॅथ्यू ओसेनड्रायव्हर या संशोधकाने ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की बाबिलोनियातले खगोल-अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत हेच करत होते. ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाट्यांवर गुरू ग्रहाच्या गतीचे हिशेब कोरलेले आहेत. पाट्यांवर आलेख काढलेला नाही, पण आकडेमोड समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाची आहे. पहाटेच्या आकाशात गुरू पुन्हा दिसू लागला की पहिल्या ६० दिवसांत त्याची चाल रोज १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येते आणि पुढच्या ६० दिवसांत ती साडेनऊवरून दीड कलेवर उतरते, असे त्यात धरले आहे. एका अंशात ६० कला असतात.

पहिल्या टप्प्याची सरासरी १०.७५ कला, ६० दिवसांत ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. दुसऱ्या टप्प्याची सरासरी ५.५ कला, ६० दिवसांत ३३० कला, म्हणजे ५ अंश ३० कला. एकूण १६ अंश १५ कला. आता समजा कोणी मधले वळण विसरून १२० दिवसांचा एकच तुकडा धरला. १२ आणि दीड यांची सरासरी ६.७५, तिला १२० ने गुणले की ८१० कला, म्हणजे १३ अंश ३० कला. पावणेतीन अंशांची तूट पडली. ही तूट का पडली ते आलेख डोळ्यांसमोर आणला की कळते. गुरूची चाल आधी सावकाश आणि नंतर झपाट्याने उतरते, म्हणून खरी रेषा दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेघेच्या वर फुगलेली आहे. तो फुगवटा हिशेबात आलाच नाही. लिफ्टच्या शून्य उत्तरातही हेच झाले होते. तिथे दोन टोकांना जोडणारी रेघ काळाच्या अक्षावरच झोपली होती आणि सगळी हालचाल तिच्या वर-खाली राहून गेली होती.

तिसरी वाट आलेखाच्या कागदावरची. उत्तर मीटरमध्ये येते, कागदावर मात्र चौरस सेंटिमीटर असतात. या दोहोंचा सांधा प्रमाणावर अवलंबून आहे. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २ सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद असे प्रमाण घेतले, तर सेंटिमीटरच्या एका चौकटीची किंमत २ गुणिले ०.५, म्हणजे १ मीटर होते. आता वरच्या आकृतीतल्या चौकटी मोजा. तळ ६ सेंटिमीटर, माथा ४ सेंटिमीटर, उंची ३ सेंटिमीटर. मधला आयत १२ चौकटींचा आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोण दीड-दीड चौकटीचे, मिळून १५. अर्ध्या-पाव चौकटी मिलिमीटरच्या लहान घरांनी मोजता येतात. सेंटिमीटरच्या एका चौकटीत अशी १०० घरे असतात. तिरकी रेषा घराला निम्म्याहून जास्त आत घेत असेल तर ते घर मोजायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

इथे एक सापळा आहे. आपण निवडलेल्या प्रमाणात एका चौकटीची किंमत योगायोगाने नेमकी १ मीटर आली, म्हणून चौकटींची संख्या आणि मीटर सारखेच दिसले. आडवे प्रमाण १ सेंटिमीटरला १ सेकंद केले, तर वरच्या आकृतीत ३० चौकटी भरतील आणि प्रत्येकीची किंमत ०.५ मीटर असेल. विस्थापन १५ मीटरच राहील. म्हणून मोजणीच्या आधी एका चौकटीची किंमत एककांसह कोपऱ्यात लिहून ठेवावी. त्याने आणखी एक चूक टळते. वेग किलोमीटर प्रति तासात आणि वेळ सेकंदांत असेल, तर चौकटीची किंमत लिहिताना तास आणि सेकंद एकमेकांना कापत नाहीत, हे तिथल्या तिथे दिसते. ७२ किलोमीटर प्रति तास म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, असे आधी बदलून घ्यावे लागते.

क्षेत्रफळ कुठपर्यंत मोजायचे हाही प्रश्न कागदावरच सुटतो. ते रेषेपासून शून्य वेगाच्या रेघेपर्यंत मोजायचे, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत नाही. लिफ्टच्या आलेखात कागदाची खालची कड उणे १.५ च्या आसपास असेल. तिच्यापर्यंतचे क्षेत्रफळ घेतले, तर लिफ्ट ५ सेकंदे उभी होती त्या काळातही तिने अंतर कापले असा अर्थ निघेल. याउलट छापील आलेखात उभा अक्ष कधी कधी शून्याऐवजी १० किंवा २० पासून सुरू केलेला असतो. तिथे दिसणारे क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा लहान असते आणि अक्षाच्या खालचा, न छापलेला आयत आपल्यालाच मिळवावा लागतो. म्हणून आलेख हातात आला की पहिली नजर शून्याची रेघ कुठे आहे, तिच्यावर टाकावी.

चौथी वाट सर्वांत सावकाश आहे, पण चिन्हाची चूक तिथे लपूच शकत नाही. प्रत्येक वळणाच्या क्षणी लिफ्ट सुरुवातीच्या जागेपासून किती उंचीवर होती, हे ओळीने लिहायचे. २ सेकंदांना १.५ मीटर, १० सेकंदांना १३.५, १२ सेकंदांना १५, १७ सेकंदांनाही १५, १९ सेकंदांना १३.५, २१ सेकंदांना १०.५ आणि २३ सेकंदांना ९. आता ही यादी आलेखाशी ताडून पाहायची. वेग धन आहे तोवर उंची वाढत गेली पाहिजे, वेग शून्य असताना ती तशीच राहिली पाहिजे आणि वेग ऋण झाल्यावर कमी झाली पाहिजे. दुसऱ्या विद्यार्थ्याने ही यादी केली असती, तर लिफ्ट उलट फिरल्यावरही उंची १५ वरून २१ पर्यंत चढताना त्याला दिसली असती आणि तो तिथेच थांबला असता.

या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. लिफ्ट सर्वांत उंच कधी होती? वेग सर्वांत जास्त होता तेव्हा ती अजून चढतच होती. सर्वांत उंच ती १२व्या सेकंदाला पोचली, जेव्हा रेषा अक्षावर उतरली. आलेखातला सर्वांत उंच बिंदू म्हणजे वस्तूची सर्वांत उंच जागा, असा समज मनात असेल तर यादी तो दुरुस्त करते. १०व्या सेकंदानंतर रेषा खाली उतरते, तेव्हाही लिफ्ट वरच जात असते. तिचा फक्त वेग कमी होत असतो.

इमारतीत मजले असतात, तर त्यांचा उपयोग करून पाहू. एक मजला ३ मीटरचा धरला, तर लिफ्ट ५ मजले वर गेली, २ मजले खाली आली आणि सुरुवातीपेक्षा ३ मजले वर थांबली. लिफ्ट मजल्याच्या पातळीवरच थांबते, म्हणून उत्तराला ३ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. ही कसोटी पहिल्या विद्यार्थ्याचे ३४.५ पकडते, कारण साडेअकराव्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही. पण २१ म्हणजे ७ मजले आणि शून्य म्हणजे त्याच मजल्यावर परत, ही उत्तरेही कसोटीला उतरतात, आणि चौथ्याचे १८ व ९ देखील. म्हणजे मजल्यांची कसोटी जी उत्तरे नापास करते ती नक्की चूक असतात, पण ती ज्यांना पास करते ती बरोबर असतीलच असे नाही. कोणत्याही कसोटीविषयी हा प्रश्न विचारावा: उत्तर चुकले असते, तर हिने ते पकडले असते का?

खऱ्या लिफ्टचा वेग असा टोकदार कोपरे करून वाढत नाही. तो हळूच सुरू होतो, मध्ये भरभर वाढतो आणि शेवटी पुन्हा सावकाश १.५ ला भिडतो, नाहीतर आतल्या माणसांना धक्का बसला असता. आलेखात तिरकी सरळ रेघ जाऊन तिथे वळणदार रेघ येते. मग आपले १५ मीटर चुकले का? वळण सममित असेल, म्हणजे पहिल्या सेकंदात रेघ सरळ रेघेच्या जितकी खाली राहते तितकीच दुसऱ्या सेकंदात वर जाते, तर क्षेत्रफळात काहीच फरक पडत नाही. खाली गमावलेला भाग वर भरून निघतो. वळण एकांगी असेल तर मात्र फरक पडतो, आणि तिथे कुंपणाची पहिली वाट धरून पट्टे पाडावे लागतात.

शेवटी, या क्षेत्रफळाच्या आवाक्याबाहेरचे काय, तेही लक्षात ठेवले पाहिजे. लिफ्ट सुरुवातीला कुठल्या मजल्यावर होती हे वेग-काल आलेखात कुठेच लिहिलेले नसते. ती तळमजल्यावरून निघाली असेल तर आता तिसऱ्या मजल्यावर आहे, चौथ्यावरून निघाली असेल तर सातव्यावर. क्षेत्रफळ फक्त जागेतला बदल सांगते. म्हणून उत्तर लिहिताना ‘लिफ्ट ९ मीटरवर आहे’ असे न लिहिता ‘सुरुवातीच्या जागेपासून ९ मीटर, वरच्या दिशेने’ असे लिहावे, आणि शेजारी दोन तुकडे स्वतंत्र ठेवावेत: वर १५, खाली ६. तपासणाऱ्याला, आणि उद्या तोच आलेख पुन्हा पाहणाऱ्या आपल्यालाही, त्या दोन आकड्यांवरून पद्धत बरोबर होती की उत्तर नशिबाने जुळले, हे कळते.